तात्पर्य कापल्यावर काय उरतं?

शनिशिंगणापूरच्या चोराची गोष्ट मराठी मुलांच्या कानावर साधारण एकाच साच्यातून येते. गावात घरांना दारं नाहीत. एका रात्री एक चोर एका घरातून पितळी हंडा उचलतो. रात्रभर चालतो, आणि उजाडतं तेव्हा गावाच्या वेशीतच उभा असतो. कधी त्याची दृष्टी गेलेली असते, कधी पाय जड झालेले असतात. तो हंडा परत करतो, शनिदेवाची क्षमा मागतो. मग सांगणारा थोडा आवाज चढवून म्हणतो : म्हणून मुलांनो, कधीही चोरी करू नये.

हे शेवटचं वाक्य बालसाहित्यात आता कुणाला फारसं आवडत नाही. संपादक ते खोडतात, नव्या लेखकांच्या कार्यशाळांत ते काढायला सांगतात, आणि लेखकही ते बिनतक्रार काढून टाकतात. पण कात्री शेवटच्या ओळीवर चालवली की काम झालं, असं धरून चालणारी पुष्कळ हस्तलिखितं वाचल्यावर मला उलटंच वाटू लागलं आहे. गोष्टीत जे घडत नाही ते सांगून टाकण्यासाठी तात्पर्य लिहिलेलं असतं, असं फार वेळा दिसतं. ओळ काढली की ते भगदाड उघडं पडतं. ते बुजवायचं कसं, हा या प्रश्नातला खरा कठीण भाग. त्याआधी ही ओळ गोष्टीच्या शेवटी आली कुठून, ते पाहायला हवं.

इसापच्या नावावरच्या कथांचे जुने ग्रीक संग्रह मुलांसाठी केलेले नव्हते. सभेत बोलणाऱ्या वक्त्याला ऐन वेळी योग्य दाखला सापडावा, हा त्यांचा एक मोठा उपयोग होता. म्हणून काही संग्रहांत तात्पर्य गोष्टीच्या आधी येतं : कृतघ्नाबद्दल बोलायचं असेल तर ही कथा, बढाईखोराबद्दल असेल तर ती. ती चक्क सूची होती. पुढे ती ओळ गोष्टीच्या खाली सरकली आणि सूचीची शिकवण झाली. 1692 मध्ये लंडनमध्ये रॉजर लेस्ट्रेंज यानं काढलेल्या इसापमध्ये प्रत्येक कथेला तात्पर्य आहे आणि त्याखाली आणखी लांबलचक चिंतनही आहे. पुढच्याच वर्षी जॉन लॉकनं मुलांच्या शिक्षणावर लिहिताना वाचायला शिकणाऱ्या मुलाला इसाप द्यावा असं सुचवलं. मोठ्यांच्या वादविवादासाठी लावलेली खूणचिठ्ठी अशी मुलांच्या पुस्तकात आली.

मराठी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या काळातच इसाप आला. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन्ही पुस्तकं 1828 मधली. ‘बाळमित्र’ मुळात बेर्कां या फ्रेंच लेखकाचं, इंग्रजीमार्गे आलेलं. मराठी मुलांच्या वाचनाचा पायाच नीतिकथेवर घातला गेला, आणि तो शाळेसाठी घातला गेला. शाळेत गोष्ट आली की तिच्याखाली प्रश्न येतो : ‘या गोष्टीचे तात्पर्य लिहा.’ तात्पर्य छापलेलं असेल तर उत्तर तपासणं सोपं. ही सोय दोनशे वर्षं टिकली, यात नवल नाही.

मात्र आपल्याकडे याहून जुना एक नमुना आहे, आणि तो मराठीतलाच आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त केसोबासांनी चक्रधरस्वामींचे 114 दृष्टान्त तेराव्या शतकाच्या अखेरीस रचले. त्याची मांडणी तीन भागांची आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दाखला कशाला लागू पडतो त्याचा उलगडा. इथे उलगडा हा गोष्टीला चिकटवलेला तुकडा नव्हे. सूत्र समजून घ्यायला बसलेल्या शिष्यांसाठी दृष्टान्त आहे, आणि तो नेमका कुठे लागू होतो हे सांगितलं नाही तर दृष्टान्त वाया जाईल. तेव्हा ‘तात्पर्य वाईटच’ असं सरसकट म्हणणारा माणूस मराठी गद्याचे पहिले उत्तम नमुनेच नाकारत असतो. तिथे गोष्ट विचारासाठी सांगितली जाते. मुलांच्या गोष्टीत मूल गोष्टीसाठी आलेलं असतं.

आणि लोकांच्या तोंडातल्या गोष्टी? काऊचिऊच्या गोष्टीत काऊचं घर पावसात वाहून जातं, चिऊ दार उघडत नाही, बाळाला तीट लावणं संपतच नाही. कुठलीही आजी शेवटी ‘म्हणून घर पक्कं बांधावं’ असं म्हणत नाही. भोपळ्यात बसून निघालेली म्हातारी वाघाला चकवते आणि गोष्ट थांबते. शिंगणापूरची मूळ आख्यायिकाही याच जातीची आहे. पूर आला, पानसनाल्याच्या पाण्यात एक काळी शिळा वाहत येऊन अडकली, कुणी काठी टोचली तर तिच्यातून रक्त आलं. गावकऱ्यांनी जोर लावला, ती हलेना. मग स्वप्नात दृष्टान्त झाला की सख्ख्या मामाभाच्यांनी उचलावी, आणि गाडीला जुंपलेले बैलही तसेच मामाभाचे असावेत. तशी जोडी आणली आणि शिळा हलली. ती आज उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, वर छप्पर नाही. या आख्यायिकेला तात्पर्य नाही. मामाभाचेच का, बापलेक का नाहीत, हे कुणी सांगत नाही. आणि ऐकलेल्या मुलाला नेमकं तेवढंच, बैलांच्या नात्यासकट, वर्षानुवर्षं आठवतं.

चोराची गोष्ट मात्र वेगळी. ती आख्यायिकेच्या अंगणात वाढलेली नीतिकथा आहे. तिची शेवटची ओळ काढून पाहू. चोर हंडा उचलतो, आंधळा होतो, परत करतो, दिसू लागतं. इथे संपली. आता गोष्ट काय म्हणते? ती म्हणते की शिंगणापुरात चोरी करू नये, कारण तिथे पकडले जाता. हुशार मूल लगेच विचारतं, ‘आमच्या गावात शनिदेव नाहीत, मग?’ मूल उद्धटपणा करत नसतं. गोष्टीत जे आहे तेच ते वाचत असतं. हंडा कुणाचा होता, तो गेल्यावर त्या घरात सकाळी पाणी कशात भरलं, चोराला तो का हवा होता, यांपैकी काहीच गोष्टीत नाही. आहे ती फक्त शिक्षा. शेवटची ओळ ‘कधीही’ म्हणत होती, गोष्ट ‘इथे’ एवढंच म्हणते. ओळ होती तोवर ही तफावत झाकलेली होती.

तात्पर्य काढायला बसताना मी म्हणून आधी ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो, मग ते झाकून गोष्ट पुन्हा वाचतो, आणि घटनांवरून जे निघतं ते दुसऱ्या ओळीत लिहितो. दोन्ही ओळी जुळल्या तर काम सोपं : पहिली खोडा, गोष्ट उभी राहते. जुळल्या नाहीत तर वाक्याला हात लावण्यात अर्थ नाही, घटनाच बदलाव्या लागतात. माझ्या अनुभवात न जुळणाऱ्याच जास्त निघतात, आणि न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा शिक्षा हेच असतं.

शिक्षेबद्दल एक प्रयोग इथे ध्यानात घ्यावा असा आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2014 मध्ये प्रसिद्ध केला. 3 ते 7 वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला : पाठीमागे ठेवलेलं खेळणं आवाजावरून ओळखायचं, वळून पाहायचं नाही. मध्येच मोठं माणूस खोलीबाहेर जातं, आणि बहुतेक मुलं वळून पाहतात. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, ‘पाहिलंस का?’ काहींनी खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकियोची गोष्ट ऐकली होती, काहींनी ‘लांडगा आला रे आला’, काहींनी जॉर्ज वॉशिंग्टनची, ज्यात मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याचं कौतुक करतात. पिनोकियो आणि लांडगा ऐकलेली मुलं ससा-कासवाची गोष्ट ऐकलेल्यांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. वॉशिंग्टनची ऐकलेली बोलली. मग संशोधकांनी वॉशिंग्टनच्या गोष्टीचा शेवट फिरवून त्याला वाईट परिणामाची जोड दिली, तेव्हा तिचा असरही गेला. प्रयोगाचा विषय शिक्षा हा होता, तात्पर्याचं वाक्य नव्हे, आणि खोटं बोलणं व चोरी या एकच गोष्टी नाहीत. तरी पुरात वाहून आलेल्या शिळेच्या गावातल्या आंधळ्या चोरालाही तो लागू पडावा असं वाटतं.

आता गोष्ट बदलू. पुढची मी या लेखासाठी रचली आहे, त्यामुळे तिच्या चुकाही माझ्याच.

मे महिन्याची सुट्टी. एक मुलगा नगरहून मामाकडे शिंगणापूरला आला आहे. शेजारच्या घराच्या उंबऱ्याजवळ कोनाड्यात एक भोवरा आहे, लाल, नवी आर, गुंडाळून ठेवलेली जाळी. घराला चौकट आहे, दार नाही. घरात कुणी नाही. मुलगा भोवरा खिशात घालतो. काहीही होत नाही. दृष्टी जात नाही, पाय जड होत नाहीत. तो मामाच्या घरामागे जाऊन भोवरा फिरवतो, आणि तो छान फिरतो.

रात्री मामा चौकटीला फळी लावतो. ‘ही कशाला?’ मुलगा विचारतो. ‘कुत्रं येतं रे,’ मामा म्हणतो आणि घोरू लागतो. मुलाची पिशवी चौकटीजवळच आहे. तिच्यात त्याच्या गोट्या आहेत. तो उठतो, पिशवी उशाशी घेतो. थोड्या वेळानं पुन्हा उठतो आणि गोट्या मोजतो. सगळ्या आहेत. मग पिशवी पांघरुणात घेतो. फळी किती जड असेल, ती बाहेरून सरकवता येईल का, याचा तो विचार करत राहतो. मामा घोरतच असतो.

सकाळी तो भोवरा कोनाड्यात ठेवायला जातो, तर शेजारचा मुलगा उंबऱ्यावरच बसलेला. ‘आणलास? मला वाटलंच, खेळून आणशील,’ तो म्हणतो. ‘जाळी नीट गुंडाळ, ती सुटते.’ मुलगा जाळी सोडतो आणि पुन्हा, घट्ट, गुंडाळतो. त्या रात्री मामानं फळी लावली की नाही, हे त्यानं पाहिलंच नाही.

इथे चोरी वाईट का, हे कुणी म्हणत नाही, आणि शनिदेवाला कामालाही लावलेलं नाही. तरी एक गोष्ट घडते : ज्या गावात कुणालाच दाराची गरज नाही तिथे एकट्या मुलाला दार हवंसं वाटतं, आणि ते दुसऱ्याचं घेतल्यामुळेच. शिक्षा बाहेरून आलेली नाही. त्यानं स्वतः केलेली कृती त्याच्या डोक्यात उलटी फिरली : मी घेतलं, म्हणजे कुणीही घेईल. शेजारच्या मुलाचं वाक्य दुसऱ्या बाजूनं तेच करतं. त्यानं चोरीची कल्पनाही केलेली नाही. तो विश्वास मुलाला बोचतो, आणि ते गुंडाळण्यात दिसतं.

अशी गोष्ट पहिल्या फटक्यात होत नाही. पहिल्या खर्ड्यात रात्रीच्या प्रसंगात मामाला जाग येते आणि तो म्हणतो, ‘काय रे, चोराला झोप येत नसते म्हणतात.’ वाक्य चटकदार आहे, पण ते जुन्या तात्पर्याचंच नवं पांघरूण आहे. निवेदकाच्या तोंडची शिकवण मामाच्या तोंडात गेली, एवढाच फरक. ग्रामीण मराठी गोष्टीत ही पळवाट फारच लोकप्रिय. आजोबा, गुरुजी, पारावरचा म्हातारा, कुणीतरी शहाणं माणूस शेवटच्या परिच्छेदात हजर होतं आणि लेखकाचं भाषण वाचून दाखवतं. ओळखायची खूण सोपी आहे : त्या पात्राला ते बोलण्याचं स्वतःचं कारण आहे का? मामाला काहीच माहीत नाही, मग तो चोराबद्दल का बोलेल? त्याला झोप येते आहे, त्यानं घोरावं.

दुसऱ्या खर्ड्यात मी उलट्या टोकाला गेलो. गोट्या मोजणं काढून टाकलं आणि मुलाला फक्त कूस बदलायला लावलं. सुचवायचं म्हणून. पण कूस बदलण्याची कारणं शंभर असतात. नवं घर, अंधार, कुत्र्याची भीती. ऐकणाऱ्या मुलानं ‘त्याला कुत्र्याची भीती वाटली’ असं सांगितलं तर चूक त्याची नाही. सुचवणं म्हणजे अर्थ कमी करणं, असा गैरसमज इथे आड येतो. शिकवण न बोलता पोचवायची असेल तर तिचा मार्ग बोलून सांगण्याइतकाच पक्का लागतो, फक्त तो वाक्यात नसून कृतीत असतो. मोजलेल्या गोट्या तो मार्ग आहेत. आपलं कुणी नेईल अशी भीती ज्याला वाटते तोच मोजतो, आणि मुलाला हे सहा-सात वर्षांच्या वयातही कळतं, कारण त्यानंही कधी ना कधी मोजलेलं असतं.

काढताना आणखी काही ठिकाणी हात घालावा लागतो, कारण तात्पर्य फक्त शेवटी राहत नाही. शीर्षकात ‘चोरीचे फळ’ असेल तर शेवटची ओळ काढून काय उपयोग, ती पहिली छापलेली आहे. विशेषणांत ते असतं : ‘लबाड’ मुलगा, ‘प्रामाणिक’ शेजारी. विशेषण वाचलं की मुलाला निकाल आधीच कळतो आणि मग घटना फक्त अंमलबजावणी उरते. योगायोगात ते असतं : भोवरा घेतला आणि लगेच पाय मुरगळला. चित्रातही असतं. चित्रकाराला सूचना न दिल्यास भोवरा घेणाऱ्या मुलाच्या भुवया कोनात येतात आणि शेजारच्या मुलाभोवती ऊन पडतं. इतकं सगळं काढल्यावर गोष्ट फिकी पडेल अशी भीती लेखकांना वाटते. पडत असेल तर तिच्यात रंग विशेषणांचाच होता.

शिकवण उघड बोलली तर गोष्ट बिघडतेच, असंही मात्र म्हणता येणार नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (1935) आई भरपूर शिकवते आणि स्पष्ट शिकवते. अंघोळ झाल्यावर ओले तळवे मळू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपल्या ओच्याचं वस्त्र त्याच्यासाठी पसरते, आणि मग मनही असंच मळू देऊ नकोस या अर्थाचं काही सांगते. हे तात्पर्यच आहे. पण ते सांगण्याआधी तिनं स्वतःच्या अंगावरचं वस्त्र पसरलेलं आहे, आणि हट्ट पुरवल्यावरच ती बोलते. तिचं बोलणं त्या नात्यातून निघतं, ती त्या क्षणाची गरज असते. या पुस्तकाची नक्कल करणाऱ्या पुढच्या अनेक कथांत आईचं बोलणं राहिलं, पसरलेलं वस्त्र गेलं. मला वाटतं मराठी बालकथेवर उपदेशाचा जो आरोप होतो त्याचा बराच भाग या नकलांच्या वाट्याचा आहे. अलीकडे माधुरी पुरंदरे यांनी घरातल्या साध्या प्रसंगांवर लिहिलेल्या गोष्टी वाचल्या की दिसतं, पात्रांना एकमेकांशी खरंच काही बोलायचं असलं की लेखकाला मध्ये येऊन बोलावं लागत नाही.

तात्पर्य काढण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो रास्त आहे. लहान मुलांना न सांगितलेलं कळत नाही. कळतं ते भोवऱ्याबद्दल, विश्वासाबद्दल नाही. डार्शिया नार्व्हाएझ यांनी गेल्या शतकाच्या शेवटी केलेल्या अभ्यासांत हेच दिसलं : तिसरीतली मुलं गोष्टीतला नैतिक विषय मोठ्यांसारखा ओळखत नाहीत, ती वरवरच्या तपशिलाला धरून राहतात. पाचवीतली बरीच पुढे असतात. म्हणजे तात्पर्य काढणारा संपादक आणि ते ठेवू पाहणारा शिक्षक बहुधा वेगवेगळ्या वयाच्या मुलांचा विचार करत असतात, आणि भांडण गोष्टीचं आहे असं दोघांनाही वाटतं.

पण ‘कळत नाही’वर ‘म्हणून सांगून टाका’ हा एकच उपाय नाही. कॅरन वॉकर आणि तानिया लोम्ब्रोझो यांनी 2017 मध्ये 5-6 वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. गोष्टीच्या ओघात थांबून ‘असं का झालं?’ याचं स्पष्टीकरण मुलांकडूनच मागितलं, तर ती वरवरच्या तपशिलापलीकडे गेली आणि तोच अर्थ दुसऱ्या प्रसंगाला लावू शकली. काही बाबतींत तात्पर्य सरळ सांगण्यापेक्षाही हे जास्त परिणामकारक ठरलं. आमच्या गोष्टीत असा थांबा एकच आहे : मुलगा गोट्या का मोजतो? हा प्रश्न पुस्तकात छापायचा नाही. वाचून दाखवणाऱ्यानं तिथे श्वास घ्यायचा आणि विचारायचा, आणि जे उत्तर येईल ते खोडायचं नाही. गिजुभाई बधेका आणि त्यांच्या बरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांच्या परंपरेतल्या बालवाड्यांत गोष्टीनंतर ‘काय शिकलात?’ असं विचारण्याची सक्त नापसंती होती. गोष्ट आधी रस घेण्यासाठी, हा गिजुभाईंचा आग्रह. मधला एखादा प्रश्न या आग्रहात बसतो असं मला वाटतं. शेवटचा प्रश्न नाही बसत.

गोष्ट पक्की झाली का, हे मुलांना अर्थ विचारून कळत नाही. अर्थ विचारला की मुलं शाळेत शिकलेलं उत्तर देतात : ‘चोरी करू नये.’ कळायचं असेल तर दुसऱ्या दिवशी त्यांना तीच गोष्ट सांगायला लावावी आणि कोणता प्रसंग गळतो ते पाहावं. गोट्या मोजणं गळलं आणि भोवरा, फळी, मामाचं घोरणं उरलं, तर शिकवणीचा मार्ग कच्चा आहे, लेखकानं परत बसावं. गोट्या राहिल्या आणि ‘मग त्यानं पुन्हा मोजल्या, आणि तिसऱ्यांदा पण मोजल्या’ अशी भर पडली, तर समजावं की मुलानं ती जागा आपली केली आहे. शेजारच्या मुलाचं वाक्य बहुधा नीट राहत नाही, कुणी त्याला रागावलेला करतं. त्याकडे मी तक्रार म्हणून पाहत नाही. एखाद्या मुलाला रागावल्याशिवाय पटत नसेल, तर त्यानं तसं सांगावं.

शिंगणापूरच्या बाबतीत गोष्टीतून शिक्षा काढणं आणखी एका कारणानं गरजेचं आहे. गावात 2011 मध्ये युको बँकेची शाखा निघाली, तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिची बातमी देशभर झाली. तिला काचेचं दार आहे. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणं झालं. त्याआधीच, 2010 मध्ये, एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार बातम्यांत आली होती. नेवासे तालुक्यातल्या कुठल्याही चौथीच्या वर्गात हे माहीत असलेलं मूल निघतं, आणि आंधळ्या चोराची गोष्ट ऐकून ते विचारणारच, ‘मग त्या गाडीवाल्याचा चोर आंधळा झाला का?’ शिक्षेवर उभी असलेली गोष्ट या एका प्रश्नावर कोसळते, आणि तिच्याबरोबर तात्पर्यही. मुलाला वाटतं की मोठ्यांनी आपल्याला थाप मारली. श्रद्धेचं नुकसान झालं तर तेही या शिक्षेच्या गोष्टीमुळेच होतं, मुलाच्या प्रश्नामुळे नाही. भोवऱ्याच्या गोष्टीला मात्र बँकेचं दार आणि पोलीस ठाणं यांचा त्रास होत नाही. गाडीवाल्याचं गेलं तर त्या रात्री गावातल्या आणखी कुणीतरी फळीचा विचार केला असेल, एवढंच मूल म्हणेल, आणि ते बरोबरच असेल.

या पद्धतीला मर्यादा कुठे पडते, तेही सांगायला हवं. विहिरीच्या कठड्यावर चढू नये, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये, विजेच्या तारेला हात लावू नये, अशा गोष्टींत सूचकपणाचा हट्ट धरू नये. तिथे मुलानं स्वतः अर्थ काढायची वाट पाहण्याइतका वेळ नसतो, आणि चुकीचा अर्थ महागात पडतो. तिथे सरळ सांगावं, आणि गोष्टीच्या शेवटी नव्हे, गोष्टीबाहेर, आई-बापानं आपल्या आवाजात सांगावं. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. ‘बालभारती’च्या पुस्तकात धड्याखाली स्वाध्याय असणारच, आणि तो नको म्हणणं व्यवहार्य नाही. पण ‘तात्पर्य लिहा’ याऐवजी ‘मुलानं पिशवी उशाशी का घेतली?’ असं विचारता येतं. त्याचं उत्तर तपासायला शिक्षकाला जरा जास्त वेळ लागतो, कारण ते प्रत्येक वहीत वेगळं येतं. एखाद्या वहीत ‘कारण गोट्या त्याच्या होत्या’ इतकंच असेल. त्याला पूर्ण गुण द्यावेत.